रविवारचे मॉक आणि ‘ठाम चूक’ची वही : नीट पीजी २०२५ च्या नोंदी

रविवार, ९ मार्च २०२५

इंटर्नशिप संपत आली. आतापर्यंत दोन मॉक दिले. एक ड्युटी रूममध्ये तीन तुकड्यांत, दुसरा अंथरुणात पडून, मध्येच फोन घेत. दुसऱ्यात ४०२ आले आणि मी दोन दिवस खूश होते. आज लक्षात आलं की त्या आकड्याला काही अर्थच नाही. घड्याळ थांबवून सोडवलेला पेपर म्हणजे क्यूबँकच.

म्हणून आजपासून एक फाइल उघडली. नियम थोडेच. मॉक रविवारी, एका बैठकीत, साडेतीन तास. २०० प्रश्न, बरोबरला ४, चुकीला वजा १. पाच सेक्शन, प्रत्येकात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. सेक्शन संपला की मागे जाता येत नाही, आणि आधी उरकलं तरी उरलेली मिनिटं पुढच्या सेक्शनला मिळत नाहीत. ज्या मॉकमध्ये हे सेक्शन नाहीत तो घ्यायचा नाही.

एक नियम माझा स्वतःचा. प्रत्येक उत्तरासोबत कच्च्या कागदावर एक अक्षर लिहायचं. खात्री असेल तर ‘ठ’, दोन पर्यायांत अडकले तर ‘द’, नुसताच अंदाज असेल तर ‘अं’. एका अक्षराला सेकंदही लागत नाही. उपयोग होईल का ते बघू.

रविवार, १६ मार्च

पहिला खरा मॉक. १७१ सोडवले, २९ सोडले. १०८ बरोबर, ६३ चूक. ४३२ वजा ६३, म्हणजे ३६९. अंथरुणातल्या ४०२ पेक्षा ३३ ने कमी. चला, निदान खरा तरी आहे.

उत्तरं उघडण्याआधी एक गोष्ट केली. सोडलेले २९ प्रश्न पुन्हा समोर घेतले आणि प्रत्येकाला ‘आत्ता लिहायचंच असतं तर काय लिहिलं असतं’ ते नोंदवून टाकलं. मग आन्सर की उघडली. २९ पैकी ९ बरोबर निघाले. ३६ वजा २०, म्हणजे १६ गुण मी टेबलावर सोडून आले होते.

सोमवार, १७ मार्च

कालच्या १६ गुणांवर रूममेटशी वाद झाला. तिचं म्हणणं, “अगं, निगेटिव्ह आहे, उगाच ठोकायचं नसतं.” आम्ही दोघींनी कागदावर मांडलं. बरोबर येण्याची शक्यता प असेल तर हाती येतात ४ प, जातात १ − प. दोन्ही समान होतात ते प = ०.२ ला, म्हणजे २० टक्क्यांना. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी शक्यता २५ टक्के, सरासरी पाव गुण फायदाच. एक पर्याय खोडता आला तर प्रश्नामागे पाऊण गुणाच्या जरासं खाली, दोन खोडता आले तर दीड गुण. कोरा सोडण्याला या परीक्षेत कारणच उरत नाही. जिथे चुकीला बरोबरच्या एक तृतीयांश इतके गुण जातात तिथे आंधळ्या अंदाजाचा हिशेब बरोबर शून्यावर येतो. सोडून देण्याची आमची सवय बहुतेक तसल्याच पेपरांतून आलेली.

रूममेटला हिशेब पटला, हात मात्र अजून पुढे होत नाही म्हणते. माझी अक्षरं अशी आली: ठ ८२ पैकी ७३ बरोबर, द ५८ पैकी २७, अं ३१ पैकी ८. द जवळपास निम्मे आणि अं पाव, म्हणजे अक्षरं प्रामाणिक आहेत. खटकले ते ठ मधले नऊ. खात्री होती आणि चुकले. त्यांची अजून वेगळी वही नाही.

रविवार, २३ मार्च

४२२! दोनच प्रश्न सोडले, तेही वेळ संपली म्हणून. एका आठवड्यात ५३ गुण वाढले. या आठवड्यात फार्मॅकचं रिव्हिजन झालं होतं, त्याचंच फळ असणार.

सोमवार, २४ मार्च

कालची शेवटची ओळ खोडायची नाही, पण तिच्याखाली हे लिहून ठेवते.

पीएसएममध्ये सॅम्पलिंग एरर घोकतो, ते स्वतःच्या मार्कांना कधी लावत नाही. आज लावलं. समजा माझी तयारी अजिबात बदलली नाही. शंभर प्रश्न मला ९५ टक्के खात्रीने येतात, साठ निम्म्याने येतात, चाळीस पाव शक्यतेने. मग बरोबर प्रश्नांचा व्हेरियन्स १०० × ०.९५ × ०.०५ अधिक ६० × ०.५ × ०.५ अधिक ४० × ०.२५ × ०.७५. बेरीज २७ आणि थोडं वर. त्याचं वर्गमूळ साधारण ५.२ प्रश्न. एक प्रश्न चुकीचा बरोबर झाला की ५ गुणांचा फरक पडतो, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २६ गुण. तयारी जिथल्या तिथे असताना!

दोन मॉकमधल्या फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन याच्या १.४ पट, म्हणजे ३७. वर पेपर सोपा-कठीण असतो ते वेगळंच. आधीच्या मॉकमधले कोरे सोडलेले १६ धरले तर माझी खरी वाढ ५३ नव्हे, ३७. फार्मॅकच्या रिव्हिजनला श्रेय द्यायला ती कमी पडते.

म्हणून एका रविवारच्या गुणांवरून काहीही ठरवायचं नाही. चार मॉकची सरासरी घ्यायची, तिथे हेलकावा निम्मा होऊन १३ वर येतो. शीटमध्ये दोनच सूत्रं टाकली. C मध्ये बरोबर, D मध्ये चूक, E मध्ये गुण:

```
E2: =4*C2-D2
F5: =AVERAGE(E2:E5)
```

F चौथ्या मॉकपासून सुरू होतो. त्याआधी तो रकाना रिकामा ठेवायचा, मन कितीही चुळबुळलं तरी.

रविवार, ६ एप्रिल

३० मार्चला ३९१, आज ४०२. पहिल्या चारांची सरासरी ३९६. अंथरुणात पडून दिलेल्या मॉकमध्येही ४०२ च आले होते. योगायोग आहे, पण हसू आलं.

बुधवार, ९ एप्रिल

मॉकच्या रिपोर्टमध्ये विषयवार टक्केवारी लाल-हिरव्या पट्ट्यांत येते. रविवारी ऑफ्थॅल्मॉलॉजी लाल होती, २९ टक्के. ती बघून मी सोमवार आणि मंगळवार पूर्ण ऑफ्थॅलला दिले. आज मोजलं तर त्या मॉकमध्ये ऑफ्थॅलचे प्रश्न होते सात, त्यातले दोन बरोबर. आणखी दोन बरोबर आले असते तर पट्टी ५७ टक्के झाली असती आणि मी तिकडे ढुंकूनही बघितलं नसतं. ३० मार्चच्या मॉकमध्ये सातातले पाच बरोबर होते. दोन दिवस वाया गेले असं नाही म्हणणार, पण ते निवडले मी नव्हते, नशिबाने निवडले.

छोट्या विषयांची टक्केवारी आता चार मॉक एकत्र करूनच बघायची. मेडिसिन, सर्जरी, ऑब्सगायनीचे प्रश्न भरपूर असतात, त्यांना दोन मॉक पुरतात.

रविवार, २७ एप्रिल

१३ ला ४०९, २० ला ४१७, आज ३८८. पूर्वीची मी असते तर आज रात्री जेवले नसते. पण पर्सेंटाइल जिथे होता तिथेच आहे, म्हणजे पेपरच अवघड होता आणि सगळेच घसरले. गुणांशेजारी पर्सेंटाइलचा रकानाही ठेवलाय, पण त्यावर फार विसंबत नाही. तो कोणाकोणाने मॉक दिला यावर ठरतो. एप्रिलमध्ये निम्मे लोक मॉक नुसता उघडून बघतात.

रविवार, ४ मे

४३६. दुसऱ्या चारांची सरासरी ४१२.५. पहिल्या चारांपेक्षा साडेसोळा वर. दोन सरासऱ्यांच्या फरकाचा हेलकावाच १८ चा, आणि पहिल्या सरासरीत कोऱ्या २९ प्रश्नांचा तोटा मिसळलेला. प्रामाणिकपणे लिहायचं तर दोन महिन्यांच्या वाचनाने गुण वाढले असा पुरावा माझ्याकडे नाही.

सोमवार, ५ मे ते बुधवार, ७ मे

तीन दिवस नवीन काही वाचलं नाही. शेवटच्या चार मॉकचे सगळे ‘ठ’ काढून बसले. ३९२ ठिकाणी मी ठाम होते, ३४१ बरोबर. म्हणजे ८७ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण उरलेले ५१ प्रश्न, प्रत्येकी ५ गुणांचा फरक, भागिले चार मॉक: दर मॉकला ६४ गुण मी पूर्ण आत्मविश्वासाने घालवतेय.

आणि हे प्रश्न माझ्या रिव्हिजनमध्ये कधीच येत नाहीत. जे येत नाही ते आपण वाचतो, ज्याची शंका आहे ते बघतो. जे ‘येतं’ असं वाटतं त्याचं पान उलटून पुढे जातो. चूक बरोबर तिथेच बसलेली असते.

५१ प्रश्न नव्या वहीत उतरवले. प्रश्न अख्खा नाही, फक्त ‘मी काय मानत होते’ आणि ‘खरं काय’. लिहिता लिहिता तीन ढीग झाले.

पहिला ढीग, २१ प्रश्नांचा: चुकीचं किंवा जुनं शिकलेलं. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये सुई कुठे घालायची? मी डोळे झाकून दुसरी इंटरकॉस्टल स्पेस, मिडक्लॅविक्युलर लाइन लिहिलं. सेकंड इयरपासून तेच डोक्यात. एटीएलएसच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्रौढांसाठी चौथी किंवा पाचवी स्पेस, मिडअ‍ॅक्सिलरी लाइनच्या किंचित पुढे. लहान मुलांत मात्र दुसरीच. माझ्या नोट्स एका सीनिअरकडून आलेल्या, त्या त्याआधीच्या. दुसरं उदाहरण लाजिरवाणं आहे. ऑर्गनोफॉस्फरस पॉयझनिंगमध्ये अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं हे कशावरून ओळखायचं? मी ‘बाहुल्या मोठ्या होणं’ लिहिलं. उत्तर: छातीतले स्राव सुकणं, फुप्फुसं ऐकायला स्वच्छ होणं. कॅज्युअल्टीत स्वतः अ‍ॅट्रोपिन दिलंय मी, दर थोड्या वेळाने स्टेथोस्कोप लावून. हाताला माहीत होतं, पेपरवर विसरले.

दुसरा ढीग, ११ प्रश्नांचा: जुळ्या गोष्टींची अदलाबदल. शंभर आजारी, त्यातले ९० पॉझिटिव्ह. नऊशे निरोगी, त्यातलेही ९० पॉझिटिव्ह. ‘चाचणी पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती?’ मी ९० टक्के लिहून पुढे गेले. ती सेन्सिटिव्हिटी. विचारलं होतं पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, १८० मधले ९०, म्हणजे ५० टक्के. दोन्ही सूत्रं मला येतात. प्रश्नाचा छेद कोणता हे बघितलं नाही.

तिसरा ढीग, १९ प्रश्नांचा: नीट न वाचलेले. आठ वर्षांचा मुलगा, वर्गात काही सेकंद हरवल्यासारखा बघत राहतो, ईईजीत ३ हर्ट्झ स्पाइक अँड वेव्ह. मी तिथेच थांबून एथोसक्सिमाइड लिहिलं. शेवटच्या ओळीत होतं की त्याला जनरलाइझ्ड टॉनिक-क्लोनिक झटकेही येतात. मग व्हॅल्प्रोएट. ती ओळ डोळ्यांखालून गेलीच नाही.

या १९ प्रश्नांचे क्रमांक बघितले. बारा प्रश्न सेक्शनच्या शेवटच्या आठांतले. रिपोर्टमधली प्रश्नवार वेळ तपासली तर पहिल्या वीस प्रश्नांना मी २८ मिनिटं घेत होते, उरलेल्या वीसांना १४. सरासरी ६३ सेकंद मिळतात, शेवटच्या प्रश्नांना मी तीसही देत नव्हते. म्हणजे हा ढीग ‘सिली मिस्टेक’चा नाहीच, घड्याळाचा आहे. इतके दिवस त्याला सिली म्हणून मी पान उलटत होते.

रविवार, ११ मे

आजपासून दोनच बदल. विसावा प्रश्न विसाव्या मिनिटाला संपलाच पाहिजे. दीड मिनिट होऊन गेलं तर हाती असेल ते उत्तर लावून, खूण करून पुढे जायचं. कोरा ठेवायचा नाही, कारण परत यायला वेळ मिळेलच असं नाही. आणि लांबलचक केस असेल तर आधी शेवटची ओळ, मग वरून खाली सगळं.

४२४. पहिल्या दोन सेक्शनमध्ये जमलं, तिसऱ्यात एका इमेजवर चार मिनिटं घालवली. ती स्लाइड ओळखीची वाटत होती हेच कारण. अजिबात न ओळखलेल्या इमेजवर मी कधीच इतका वेळ घालवत नाही.

रविवार, २५ मे

१८ ला ४४१, आज ४१३. ठाम चूक वहीत रोज रात्री दहा ओळी वाचते. रूममेटनेही तशी वही केली. तिच्या पहिल्या ढिगात माझ्यासारखीच सुई निघाली. नोट्स एकाच सीनिअरच्या!

शुक्रवार, ३० मे

सुप्रीम कोर्टाने परीक्षा दोन नव्हे, एकाच शिफ्टमध्ये घ्यायला सांगितलं. नॉर्मलायझेशनची भानगड गेली हे चांगलंच. पण १५ जूनला ठरलेल्या परीक्षेचं काय?

रविवार, ८ जून

परीक्षा पुढे गेली, ३ ऑगस्ट. सकाळी ९ ते साडेबारा. गेल्या रविवारी मॉक दिलाच नाही, कोणाचं लक्ष होतं!

आता अडचण वेगळी. न बघितलेले पूर्ण मॉक माझ्याकडे पाच उरलेत आणि हातात आठ आठवडे आहेत. आज २३ मार्चचाच मॉक पुन्हा दिला. ५४८ आले. हा आकडा शीटमध्ये जाणार नाही, त्यात स्मरणशक्ती मोजली गेली. कित्येक प्रश्नांत केस वाचायच्या आधीच उत्तर आठवत होतं. पण एक गोष्ट उपयोगाची निघाली: तेव्हा ठाम चुकलेले काही प्रश्न आज पुन्हा तितक्याच ठामपणे, त्याच उत्तराने चुकले. स्पष्टीकरण वाचलं होतं, वहीत मात्र उतरवलं नव्हतं. त्यांना वहीच्या पहिल्या पानावर जागा.

नवे मॉक असे वाटून घेतले: १५ जून, २९ जून, १३, २० आणि २७ जुलै. मधल्या रविवारी जुन्या मॉकचे फक्त दोन सेक्शन, तेही वेळेचा सराव म्हणून. सगळे सकाळी ९ ला. आतापर्यंत मी दुपारी देत होते, शिफ्ट कोणती मिळेल ते ठाऊक नव्हतं म्हणून.

रविवार, १५ जून

ज्या दिवशी परीक्षा असणार होती त्या दिवशी मॉक. ४४७. तिसऱ्या चारांची सरासरी ४३१.

रविवार, १३ जुलै

२९ जूनला ४५२, आज ४३८. आदल्या रात्री लोकमच्या ड्युटीवर होते, पहाटे तीनला झोपले. शेवटच्या सेक्शनमध्ये ४० पैकी २०, पहिल्यात २८. एका सेक्शनचे ४० प्रश्न म्हणजे हेलकावा मोठा, त्यामुळे झोपेवर सगळं खापर फोडत नाही. तरी जुलैच्या शनिवारी ड्युटी घेणं बंद.

सोमवार, २८ जुलै

२० ला ४६६, काल ४५७. चौथ्या चारांची सरासरी ४५३. मार्चमधल्या ३९६ पासून ५७ वर, आणि दोन सरासऱ्यांमधला हेलकावा १८ चा. आता मात्र म्हणता येईल की वाढ खरी आहे.

कुठून आली तेही काढलं. या चार मॉकमध्ये ४१० ठाम उत्तरं, ३८१ बरोबर, म्हणजे ९३ टक्के. ठाम चुका ५१ वरून २९ वर. त्यात न वाचल्यामुळे गेलेले १९ वरून ७. ढोबळ मानाने दर मॉकला २७ गुण, मे महिन्यापासून वाढलेल्या ४१ मधले. द आणि अं मिळून तेव्हा ३७ टक्के बरोबर यायचे, आताही तितकेच येतात. म्हणजे अंदाज लावण्यात मी तसूभरही हुशार झालेले नाही.

सेन्सिटिव्हिटीचा छेद काल पुन्हा चुकला.

शनिवार, २ ऑगस्ट

आठवडाभर मॉक नाही. वहीतले शेवटचे २९ दोनदा वाचले. रूममेटने दुपारी विचारलं, “सुई कुठे?” मी म्हटलं, “मोठा की लहान?”

हॉल तिकीट, आधार आणि फोटो पारदर्शक पिशवीत ठेवले. वही घरीच राहणार.